यम आणि नियम

दुपार कलली की बेबीच्या पोळपाटाची लय बदलत असे. तोवर संथ फिरणारे लाटणे एकाएकी घाईला येई, बांगड्या एकमेकींवर आदळू लागत, आणि पश्चिमेच्या खिडकीतून आलेले केशरी ऊन ओट्यावरच्या पिठाला क्षणभर सोन्याची कळा देऊन समोरच्या भिंतीवर चढू लागे. ऊन जसजसे वर सरके, तसतशी तिची नजर वर जाई. घड्याळ त्या घरात होते, पण जेवणाची वेळ भिंतीवरचे ऊनच ठरवत असे. ते छताला टेकण्याच्या आत जयकुमारांचे ताट वाढून, जेवून, त्यांचे शेवटचे पाणीही पिऊन झाले पाहिजे. सूर्य मावळल्यावर ते पाण्याचा थेंबदेखील घेत नसत.

मुलांनो, बेबी म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. तिचे खरे नाव तिच्या शाळेच्या दाखल्यापलीकडे कोणी वापरले नाही. सत्तरी आली तरी ती बेबीच राहिली. तुम्ही तिला पाहिले ते फोनच्या पडद्यावर, कपाळ अर्धे कापलेले, आवाज मात्र घरभर. ती पारशिवनीची, भाताच्या बांध्यांत आणि मिरचीच्या खळ्यात वाढलेली. तिच्या बोलण्यात त्या मिरचीचा ठसका होता आणि हसण्यात ओल्या धानाचा गारवा. जयकुमार लकडगंजातले, जैन घरातले, सागवानाचे व्यापारी. बेबी आपल्या वडिलांबरोबर नव्या घराच्या चौकटी घ्यायला त्यांच्या दुकानात गेली आणि त्या चौकटींतून स्वतःच दुसऱ्या घरात शिरली. दोन्ही घरांनी वर्षभर तोंड फिरवले. मग तोंडे पुन्हा वळली, पण तोवर या दोघांनी शहराच्या कडेला, बेस्याला आपले निराळे, दोन खोल्यांचे घर मांडले होते.

वेगळ्या देवांचा संसार म्हणजे वेगळी देवघरे, असे बाहेरच्यांना वाटते. खरा प्रश्न स्वयंपाकघरात असतो. जयकुमारांना जमिनीखाली वाढलेले काही चालत नसे. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, रताळे, सगळे वर्ज्य. एक कंद म्हणजे असंख्य जीव, असे त्यांचे शास्त्र. आणि आमच्या बेबीचे सारे उपास बटाट्या-रताळ्यावर उभे! म्हणजे ती ज्या दिवशी सर्वांत पवित्र असे, त्याच दिवशी तिचे ताट त्यांच्या दृष्टीने सर्वांत अपवित्र. मागच्या पडवीत तिची एक निराळी शेगडी होती, निराळी कढई, निराळा झारा. एकादशीला ती तिथे पाटावर बसून रताळ्याचा कीस परते, आणि ते दारात उभे राहून म्हणत, "काहून वं, हा उपास आहे का लग्नाची पंगत? एकादशी अन् दुप्पट खाशी!"

"माहा देव दयाळू आहे," ती झाऱ्याने कढईच्या कडेवर टकटक करत म्हणे. "तुमच्यावाणी व्यापारी नाही, एक देऊन दोन कापणारा."

उपास हा शब्द दोघांचा होता, अर्थ मात्र एकाचा दुसऱ्याला लागू नव्हता. तिच्या उपासात फराळ होता, कहाणी होती, आणि संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी तो सोडण्याचा लख्ख आनंद होता. त्यांच्या उपवासात काहीच नव्हते. दिवसभर अन्न नाही, फार तर एकदा उकळून गार केलेले पाणी. त्याहून सौम्य म्हणजे एकासन, एकदाच एका जागी बसून जेवणे. पण तिला हे सारे शेवटी एकाच पायरीवर उतरताना दिसे, आणि ती पायरी म्हणजे पारणे. दुसऱ्या दिवशी ऊन वर आले की ती मुगाचे कोमट पाणी वाटीत घेऊन त्यांच्यासमोर बसे, आणि ते पहिला घोट घेईपर्यंत स्वतः चहाला शिवत नसे.

भाद्रपद हा त्यांच्या संसाराचा परीक्षेचा महिना. तिची हरतालिका, मग गणपती, मग आपल्या विदर्भातल्या थाटाच्या महालक्ष्म्या; आणि त्यांचे दशलक्षण पर्व ऋषिपंचमीला सुरू होऊन अनंत चतुर्दशीला संपणारे. एका घरात एकीकडे सोळा भाज्या चिरल्या जात आणि दुसरीकडे एक माणूस दिवसातून एकदाच जेवे. आपल्याकडे महालक्ष्म्यांचे जेवण दिवेलागणीनंतरचे. तिने ते भर दुपारी आणले. पारशिवनीच्या बायका कुजबुजल्या, पण आल्या, आणि जेवल्या. जयकुमारांच्या वाट्याच्या भाज्यांत कंद नसे. दह्यात डाळीचे पीठ चालत नाही म्हणून कढी त्यांच्या ताटात येत नसे. चातुर्मास म्हणून पालेभाजीही नाही. पण सर्वांत अवघड गोष्ट निराळीच होती. आपल्याकडे नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी घास घेत नाही, आणि त्यांच्याकडे देवापुढे ठेवलेले परत कोणी खात नाही. प्रसाद ही कल्पनाच त्यांना परकी. यावर त्या दोघांनी शोधलेली वाट मी जवळून पाहिली आहे. बेबी घंटा वाजवी, आणि त्याच नादात एक ताट देवीपुढे व दुसरे ताट जयकुमारांपुढे टेकवले जाई. देवीच्या आधी नाही आणि देवीचे उष्टे नाही. त्या एका नादाच्या लांबीत दोन धर्म मावत.

गणपतीची मूर्ती ते स्वतः आणत. पावसात डोक्यावर प्लास्टिक आणि छातीशी गणपती धरून येत, पण हात जोडत नसत. ती त्यांच्या मंदिरात पांढरे तांदूळ वाहायला जाई आणि येताना दाराशी क्षणभर थांबे, प्रसाद मिळत नाही हे दरवेळी नव्याने आठवून.

आणि संकष्टीची ती गच्ची! चंद्र उगवल्याशिवाय ती जेवायची नाही, आणि चंद्र उगवेपर्यंत त्यांचे जेवण होऊन कितीतरी वेळ झालेला असे. महिन्यातल्या त्या एका दिवशी दोघांची ताटे कधीही शेजारी आली नाहीत. पण ते तिच्याबरोबर वर येत, पत्र्याच्या खुर्चीवर बसत, आणि पूर्वेकडच्या दिव्यांवरून हळूहळू वर येणारे ते पिवळे बिंब तिच्याआधी शोधून काढत. मग खाली जाऊन तिचे ताट स्वतः वाढून वर आणत. नुकत्याच वर आलेल्या चांदण्यात एक माणूस ताट घेऊन उभा आहे, ज्याच्या ओठांना उद्याच्या उन्हापर्यंत काही लागणार नाही, हे दृश्य माझ्या डोळ्यांत अजून जसेच्या तसे आहे.

पुढे त्यांच्या पश्चिमेला एक उंच इमारत उभी राहिली. सूर्य मावळण्याच्या बराच आधी तिच्या मागे जाऊ लागला. मग वाद सुरू झाला, इमारतीमागे गेलेला सूर्य मावळला म्हणायचा का? जयकुमार म्हणत, "दिसला नाही तं मावळला." बेबी पोळी उलटत ओरडे, "तो बिल्डर आपली अर्धी पोळी खाऊन राहिला अन् तुम्ही त्याच्याच बाजूनं बोलून राहिले!" तरी ताट अर्धी घटका आधी वाढले जाऊ लागले. तिच्या हातांनी नवा सूर्यास्त मान्य केला होता.

दसऱ्यानंतर जयकुमारांच्या पोटात अन्न राहीनासे झाले. जठरातले दुखणे फार पसरले आहे, आता शस्त्रक्रियेत अर्थ नाही, औषधानेही फार काही साधणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. घरी आल्यावर त्यांनी अंगणातल्या संत्र्याच्या झाडाखाली खुर्ची टाकली आणि बराच वेळ हातांचे तळवे पाहत बसले. त्यांना मूलबाळ नव्हते. विचारायचे ते एकमेकांनाच.

कार्तिकात त्यांनी छोटे छोटे नियम घ्यायला सुरुवात केली. नियम म्हणजे मुदतीचा त्याग. काही दिवस धान्य नाही, मग पारणे. काही दिवस फक्त दूध, मग पारणे. बेबीने त्यांच्या बरेपणासाठी मार्गशीर्षातले गुरुवार धरले. देवीचा कलश मांडायचा, दिवसभर उपास, संध्याकाळी नैवेद्य, आणि शेवटच्या गुरुवारी उद्यापन. तिचे व्रत त्यांना धरून ठेवण्यासाठी होते. त्यांचे व्रत कशासाठी होते, हे तिला कोणी स्पष्ट सांगितले नाही, कारण ते तिला ठाऊक आहे असे सगळ्यांनी गृहीत धरले.

एके सकाळी मुनिमहाराजांची आज्ञा घेऊन त्यांच्या मंदिरातले एक ब्रह्मचारीजी घरी आले. जैनांत अखेरच्या व्रताला घरच्यांची संमती लागते; घरात कोणाच्या मनात क्लेश असेल तर व्रत घेणाऱ्याचेही मन ढळते, म्हणून. ब्रह्मचारीजी हिंदीत, हळू, जड शब्दांत बोलत होते. बेबी डोक्यावर पदर घेऊन दारात उभी होती. आता आहाराचा त्याग यमरूपाने होणार, क्रमाक्रमाने धान्य, दूध, ताक, शेवटी पाणी, तुमची अनुमती आहे ना, असे त्यांनी विचारले. आणि बेबी म्हणाली, "त्यांच्या उपासाले मी कधी नाही म्हटलं? करा म्हणा."

यम म्हणजे त्यांच्या शास्त्रात आमरण. मुदतीचा तो नियम, मरेपर्यंतचा तो यम. पण बेबीच्या लेखी यम म्हणजे रेड्यावर बसून येणारा. ज्याच्या हातून नवरा सोडवून घेण्यासाठी ती दर ज्येष्ठात वडाला सूत गुंडाळत आली, तो. त्याचे नाव भरल्या घरात, सकाळच्या पूजेनंतर, एक सात्त्विक माणूस उच्चारेल हे तिच्या कानांना संभवतच नव्हते. कित्येक आठवडे ती नियम, नियम ऐकत होती. सुटलेले अक्षर तिच्या कानांनीच शब्दाला जोडून घेतले.

मग धान्य सुटले. दूध आले, तेही सुटले. ताक पातळ होत होत पाण्यासारखे झाले आणि पाणीच उरले. ती प्रत्येक टप्पा मन लावून सांभाळत होती. पाणी उकळायचे, दुहेरी फडक्यातून गाळायचे, फडके हलकेच उलटे धुवून त्यात अडकलेले जीव पाण्यात सोडायचे. हा नियम मोठा आहे, एवढेच तिला वाटत होते. मोठ्या नियमाचे पारणेही मोठे असणार. तिने मनाशी योजले, आपले उद्यापन आणि त्यांचे पारणे एकाच दिवशी.

शेवटच्या गुरुवारी तुमचे आजोबा आणि मी तिच्याकडे गेलो. देवीच्या कलशापुढे पाच फळे होती, उदबत्तीचा धूर थंडीत खालीच रेंगाळत होता. बेबीने हिरवे मूग शिजवून त्यांचे पाणी गाळून ठेवले होते. वाटी पदराने धरून ती पलंगाशी आली. जयकुमार इतके कृश झाले होते की गादीवर नुसती चादर पसरली आहे असे वाटे. डोळे मात्र स्वच्छ होते, पाऊस पडून गेलेल्या अंगणासारखे.

"पारणं आज करायचं का उद्या सकाळी?" तिने विचारले.

उशाशी बसलेल्या ब्रह्मचारीजींनी डोळे मिटले.

"अवं बेबे," जयकुमार म्हणाले, "याले पारणं नसते. यम घेतला ना मी. तुलेच तं विचारलं होतं."

"नियम म्हटलं त्यांनी."

"यम."

तिच्या हातातल्या वाटीवर पापुद्रा धरेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग वळून आत गेली. त्या संध्याकाळी तिने देवीला नैवेद्य दाखवला, पण स्वतःचा उपास सोडला नाही.

शुक्रवारी सकाळी कलश हलवायचा असतो. तिने हलवला नाही. फळे सुकू लागली. ती देवीसमोर भिंतीला टेकून बसली आणि तिने पाणीही बंद केले. तिने आयुष्यभर ज्याला हसून घेतले होते तो त्यांचा उपवास, काहीच नसलेला, तिने आता त्यांच्याच विरुद्ध धरला. मी जवळ गेले तर म्हणाली, "त्यांनी घेतलं की मी घेतो म्हणा, वहिनी. माहा यम नाही. माहा नियमच आहे."

तुमचे आजोबा चिडले. "तू फक्त नाही म्हण," ते बहिणीला सांगत होते. "सलाईन लावू. तू नाही म्हटलं तर कोणाची हिंमत नाही." आणि ते खरे होते. त्या घरातला एकच शब्द आता त्या माणसाचे दिवस वाढवू शकत होता, निदान थोडे, निदान नळ्यांसकट. आणि तो शब्द जिच्याकडे होता ती दुसऱ्या खोलीत कोरड्या ओठांनी बसली होती. मधल्या दाराच्या दोन बाजूंना दोन उपवास एकमेकांचा श्वास ऐकत होते. मला कोणाचेच चुकलेले दिसत नव्हते, आणि म्हणूनच काही सुचत नव्हते.

शनिवारी दुपारनंतर जयकुमारांनी मला हाक मारली. आवाज वाळलेल्या पानाएवढा. "वहिनी, तिले म्हणा दूध आण. मी घेतो. ती उपाशी राहून राहिली, माया मनाले शांती नाही. असं व्रत काय कामाचं?"

ब्रह्मचारीजी उठून बाहेर अंगणात जाऊन उभे राहिले.

बेबी उठली. भिंतीचा आधार घेत ओट्याशी गेली. काडी दोनदा विझली. दूध तापले, तिने ते गाळले, वाटी पाण्यात धरून कोमट केले, चमचा पुसला. या सगळ्याला फार वेळ लागला. आम्ही त्यांना उशीला टेकवून बसवले. ती पलंगाच्या कडेला बसली. चमचा भरला. आणि त्या माणसाने, ज्याने अनेक आठवड्यांच्या निश्चयाने सगळे सोडत आणले होते, तिच्यासाठी तोंड उघडले.

तिची नजर सवयीने भिंतीकडे गेली. भिंत राखाडी होती. ऊन छताला टेकून निघून गेले होते.

तिने चमचा परत वाटीत ठेवला. "दिवस बुडाला."

"अगं दे ना!" तुमचे आजोबा ओरडलेच. "आता कसला दिवस अन् कसली रात्र!"

"रात्रीचं ते घेत नाहीत, दादा," ती म्हणाली. इतक्या साधेपणाने, जणू नव्या पाहुण्याला घरातली रीत सांगत होती.

जयकुमारांनी तोंड मिटले. त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात पाणी जमले. ते पुसायला कोणी हात पुढे केला नाही. थोड्या वेळाने ती आत गेली, देवीसमोरचे दोन दिवसांचे शिळे नैवेद्याचे ताट ओढले आणि भिंतीकडे तोंड करून जेवली. घास गिळण्याचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. एवढ्या एकाकी जेवणाचा आवाज मी पुन्हा कधी ऐकलेला नाही.

रविवारचे ऊन आले तेव्हा आम्ही सगळे तिच्या हातांकडे पाहत होतो. तिने दूध आणले नाही. गाळलेले पाणी आणले. त्यांच्या ओठांशी धरून म्हणाली, "यमच म्हटलं होतं तुम्ही. आता ऐकू आलं मले."

त्यांनी महत्प्रयासाने दोन्ही हात जोडले. व्रतात सर्वांची क्षमा मागायची असते, शत्रूचीही, पत्नीचीही. तिने ते जोडलेले हात उघडून गादीवर सरळ ठेवले.

"अनुमती घ्या," ती म्हणाली. "क्षमा नका मागू. ती नाही माझ्याकडे."

पुढे पाणीही सुटले. पौष लागण्याच्या आधी, पहाटेच्या धुक्यात, मंदिरातल्या बायका संथ स्वरात मंत्र म्हणत असताना जयकुमार गेले. त्यांच्याकडच्या मंडळींनी सांगितले की ही समाधी आहे, रडायचे नसते, हे मंगल आहे. तेवढ्यात पारशिवनीहून गाडीभर बायका आल्या, आपल्या रीतीप्रमाणे फाटकापासूनच हंबरडा फोडत, आणि अंगणात कोणीतरी हात वर करून त्यांना थांबवले. रडणे अर्ध्यातच गळ्यात अडकलेल्या त्या बायका संत्र्याच्या झाडाखाली ओळीने बसून राहिल्या. बेबी दोन्ही घोळक्यांच्या मध्ये, उंबऱ्यावर बसली होती. तिच्यासाठी एका बाजूला मंगल होते आणि दुसऱ्या बाजूला आक्रोश, आणि दोन्हींपैकी काहीच तिच्या तोंडून निघाले नाही. तेरवी झाली नाही. त्यांच्यात पिंड नसतो, कावळा नसतो. कपाळाचे कुंकू पुसायला पुढे आलेल्या म्हातारीचा हात मात्र तिने धरला आणि खाली ठेवला.

यंदा पितृपक्षात मी तिच्याकडे गेले. तिने सगळा स्वयंपाक केला होता, खीर, वडे, काकडीची कोशिंबीर; बटाटा नव्हता. पान वाढलेले होते, पण ती ते बाहेर ठेवत नव्हती. दारात उभी राहून ती ढगाळलेल्या आभाळाकडे पाहत होती. कावळे कुंपणावर येऊन बसले होते.

"ठेव ना," मी म्हटले.

"कोणाले ठेवू, वहिनी?" ती म्हणाली. "आपल्यात गेलेला माणूस उपाशी वाट पाहते. त्यांच्यात तं माणूस वाट पाहतच नाही. इथं डोळे मिटले की तिकडे जन्म. ते कोणाच्या तरी घरी आता रांगत असतील. त्या बाईले ठाऊकही नसेल की दिवस बुडाल्यावर याले काही द्यायचं नाही."

तिने पान उचलून आत नेले आणि दोन ताटांत वाटून आम्ही दोघी जेवलो. मुलांनो, गेलेल्याची आठवण करायलाही तो कुठेतरी आपल्यासाठी थांबला आहे असे मानावे लागते. जो थांबलाच नाही त्याचा विरह काळाच्या हिशेबात कुठेच लागत नाही, तो नुसता रोज येतो, उजाडतो आणि मावळतो.